सोमवारी सकाळी बंद पडलेली गाडी: डॅशकॅमचा पार्किंग मोड आणि बॅटरीचा जमाखर्च

प्रकरण

पुढची आणि मागची अशा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम बसवलेली एक पेट्रोल गाडी काही महिन्यांपासून सोमवारी सकाळी सुरू होण्यास कुरकुर करत होती, आणि अखेर एका सोमवारी ती अजिबात सुरू झाली नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे लागत, सेल्फकडून नुसता खट-खट आवाज येई आणि दिवे मंद होत. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची, पाणी घालण्याच्या साध्या प्रकारची आणि तीन वर्षांहून थोडी अधिक जुनी होती. गाडी रात्री उघड्या जागेत उभी राहत असे. तिथे शेजारच्या गाड्यांचे धक्के लागून दोनदा बंपर खरवडला गेल्यामुळे मालकाने डॅशकॅमला थेट गाडीच्या फ्यूजमधून वीज देणारे हार्डवायर किट बसवून, गाडी उभी असतानाही पहारा चालू ठेवणारा पार्किंग मोड सुरू केला होता. व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याखाली गेले की कॅमेऱ्याची वीज तोडणारी कट-ऑफची सोय किटवर होती आणि ती १२.० व्होल्टवर ठेवलेली होती. त्यामुळे बॅटरी उतरण्यास डॅशकॅम कारणीभूत नसावा, अशी मालकाची आणि बॅटरी विकणाऱ्याचीही समजूत होती. बॅटरी जुनी झाली, ती बदलून टाकावी, एवढाच सल्ला त्यांना मिळाला होता.

हा सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता. पण बॅटरी अकाली का थकली आणि कट-ऑफ असूनही गाडी का अडली, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती. ती शोधल्याशिवाय नवी बॅटरी बसवली असती, तर तीही त्याच वाटेने गेली असती.

पहिला धागा: शेवटची चित्रफीत

तपासाला सुरुवात मल्टिमीटरने न करता मेमरी कार्डाने केली. पार्किंग मोडमधली शेवटची चित्रफीत कोणत्या वेळेची आहे, हे पाहिले की किटने वीज केव्हा तोडली ते जवळजवळ मिनिटापर्यंत कळते. या गाडीत हालचाल टिपणारा पार्किंग मोड होता आणि गाडीशेजारून माणसांची ये-जा सतत चाले, त्यामुळे चित्रफितींमध्ये मोठी खिंडारे नव्हती. गाडी शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास उभी केली होती आणि शेवटची नोंद रविवारी सकाळी सहाच्या आसपासची होती. म्हणजे कॅमेरा सुमारे ३६ तास चालला आणि मग कट-ऑफने आपले काम केले. किट बिघडलेले नव्हते, त्याने वीज तोडली होती. तरीही पुढच्या २६ तासांनंतर गाडी सुरू झाली नाही. याचा अर्थ वीज तोडली तेव्हाच बॅटरीत सेल्फ फिरवण्याइतका चार्ज उरलेला नव्हता.

सोमवारी बॅटरीच्या टोकांवर ११.९ व्होल्ट दिसले. हा आकडा फसवा आहे. भार काढून घेतल्यावर शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज थोडे वर येते, त्यामुळे कट-ऑफच्या क्षणी असलेल्या व्होल्टेजपेक्षा नंतर मोजलेले व्होल्टेज जास्त दिसते. या चढलेल्या आकड्याबरोबर चार्ज मात्र परत येत नाही. चांगली किट या चढाला भुलून कॅमेरा पुन्हा सुरू करत नाहीत. इंजिन चालू होईपर्यंत ती बंदच राहतात. काही किट मात्र थोड्या वेळाने पुन्हा वीज देतात, पुन्हा तोडतात, आणि प्रत्येक फेरीत बॅटरी आणखी खाली नेतात. कार्डावर शेवटी एक-दोन मिनिटांच्या तुटक चित्रफितींची रांग दिसली, तर हाच दोष समजावा. या गाडीत तो नव्हता.

व्होल्टेज म्हणजे काय उरले आहे

कट-ऑफचा आकडा निवडताना बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. काही तास भाराविना पडून राहिलेल्या साध्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ ते १२.७ असेल तर ती भरलेली असते. १२.४ च्या आसपास तीन चतुर्थांश, १२.२ ला निम्मी, १२.० ला जेमतेम पाव भाग उरलेला असतो आणि ११.८ च्या खाली हाती काही उरत नाही. आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणाऱ्या एजीएम प्रकारच्या बॅटरीत हेच आकडे थोडे वर सरकतात, त्यामुळे तिच्यासाठी तोच कट-ऑफ किंचित अधिक सैल ठरतो.

डॅशकॅमचा भार एक तृतीयांश अँपिअरच्या आसपास असतो. एवढ्या लहान भाराखाली बॅटरीचे व्होल्टेज विश्रांतीच्या व्होल्टेजच्या अगदी जवळ राहते. सेल्फ फिरताना बॅटरी क्षणभर दहा व्होल्टपर्यंत उतरली तरी बिघडत नाही, कारण तिथे भार शेकडो अँपिअरचा असतो. तोच न्याय डॅशकॅमला लावून ११.६ किंवा ११.८ हा कट-ऑफ 'अजून बरीच बॅटरी आहे' असा वाचणे चूक आहे. इतक्या हलक्या भाराखाली ११.८ दिसत असेल, तर बॅटरी जवळपास रिकामी आहे. किटवर हे पर्याय छापलेले असतात म्हणून ते सुरक्षित असतील असे मानू नये. कॅमेरा जास्तीत जास्त वेळ चालावा ही किट बनवणाऱ्याची गरज असते, गाडी सुरू व्हावी ही आपली.

इथे गाडीच्या बॅटरीची घडणही लक्षात घ्यावी लागते. तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिचे काम एक-दोन सेकंद प्रचंड प्रवाह देऊन लगेच पुन्हा भरून घेण्याचे असते. सेल्फच्या एका फेरीत खर्च होणारा चार्ज अगदी थोडा असतो: दीडशे-दोनशे अँपिअर एक सेकंद वाहिले तरी तो ०.०५ अँपिअर-तासांच्या आसपासच येतो. अशी बॅटरी रोज निम्म्यापर्यंत उतरवणे तिला सोसत नाही. ती दीर्घकाळ अर्धवट भरलेली राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. गाडी रोज सुरू होत असल्याने ही झीज दिसत नाही. ती एकदम दिसते ती अशा एखाद्या सोमवारी.

मोजणी

बॅटरी काढून चार्जरवर पूर्ण भरली, रात्रभर स्वस्थ ठेवली आणि मग वीस तासांच्या दराने, म्हणजे २.२५ अँपिअरच्या स्थिर भाराने, १०.५ व्होल्टपर्यंत उतरवली. नवी ४५ अँपिअर-तासांची बॅटरी या भारावर २० तास टिकली पाहिजे. ही सुमारे १५ तास टिकली, म्हणजे तिची खरी क्षमता ३४ अँपिअर-तासांच्या आसपास उरली होती. दुकानात मिनिटभरात होणारी लोड टेस्ट बॅटरी सेल्फ फिरवू शकते की नाही एवढेच सांगते. पार्किंग मोडसाठी ती किती तास पुरेल, हे असे उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर गाडी बंद असतानाचा प्रवाह मोजला. हे काम घाईने केले तर आकडा हमखास चुकतो. बोनेट उघडे ठेवून त्याचे कुलूप हाताने मिटवले, म्हणजे गाडीला बोनेट बंद असल्याचे वाटते. मग दारे लॉक करून, चावी दूर ठेवून, गाडीतली सर्व यंत्रणा झोपेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे थांबावे लागले. सुरुवातीला प्रवाह अनेक अँपिअर असतो आणि तो टप्प्याटप्प्याने खाली येतो. मल्टिमीटर ऋण टोकाच्या मालिकेत जोडला असेल, तर त्या काळात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. सेल्फचा प्रवाह मीटरमधून जाऊन त्याचा फ्यूज उडतो. तार न तोडता तिच्याभोवती पकड लावून लहान डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर हा धोकाच उरत नाही.

डॅशकॅमचे फ्यूज काढल्यावर गाडीचा स्वतःचा प्रवाह ०.०३ अँपिअर निघाला. २० ते ५० मिलिअँपिअर हे अशा गाडीसाठी नेहमीचेच प्रमाण आहे, तेव्हा गाडीत दुसरी कुठे गळती नव्हती. फ्यूज परत बसवून पार्किंग मोड सुरू झाल्यावर एकूण प्रवाह ०.३६ अँपिअर झाला, म्हणजे एकट्या डॅशकॅमचा ०.३३. गाडी चालू असताना सलग चित्रीकरण करतानाही डॅशकॅम ०.३७ अँपिअर घेत होता.

या दोन आकड्यांतला नगण्य फरक मालकाला सर्वांत अनपेक्षित वाटला. हालचाल दिसली तरच चित्रीकरण होते, मग एरवी कॅमेरा झोपलेला असणार, अशी समजूत सर्रास आढळते. पण हालचाल ओळखण्यासाठी सेन्सर आणि प्रोसेसर सतत चालूच असावे लागतात, शिवाय घटनेच्या आधीचे काही सेकंद जपण्यासाठी चित्र सतत तात्पुरत्या स्मृतीत लिहावे लागते. वाचते ती कार्डावरची जागा, वीज फारशी वाचत नाही. सेकंदाला एक चित्र घेणाऱ्या टाइम-लॅप्स मोडमध्येही बचत थोडीच असते.

जमाखर्च

रोज सकाळी वीस मिनिटे कार्यालयाकडे आणि संध्याकाळी वीस मिनिटे परत, एवढाच गाडीचा वापर होता. उरलेले २३ तास २० मिनिटे ती उभी असे आणि दोन्ही ठिकाणी पार्किंग मोड चालू राही. ०.३६ अँपिअरने हा रोजचा खर्च ८.४ अँपिअर-तास होतो. डॅशकॅम नसता तर तो ०.७ झाला असता.

जमेची बाजू क्लॅम्प मीटर लावून पाहिली. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीत १४ अँपिअरच्या आसपास प्रवाह जात होता, काही मिनिटांत तो आठवर आला आणि प्रवास संपताना पाचच्या जवळ होता. अल्टरनेटर कितीतरी अधिक देऊ शकतो, पण शिसे-आम्ल बॅटरी जसजशी भरत जाते तसतशी ती कमी कमी चार्ज स्वीकारते आणि तिचा शेवटचा पाचवा भाग भरायला कित्येक तास लागतात. अल्टरनेटर मोठा आहे म्हणून बॅटरी वीस मिनिटांत भरेल, हा समज इथेच कोसळतो. सरासरी आठ अँपिअर धरले तर चाळीस मिनिटांत ५.३ अँपिअर-तास जातात आणि चार्जिंगमधला अपव्यय वजा केल्यावर पदरात साधारण ४.६ पडतात.

म्हणजे खर्च ८.४ आणि जमा ४.६. ही तूट रोज तशीच वाढत जात नाही, कारण रिकामी होत चाललेली बॅटरी अधिक चार्ज स्वीकारू लागते आणि कुठेतरी निम्म्याच्या आसपास दोन्ही बाजू जुळतात. ही गाडी आठवडाभर त्याच पातळीवर जगत होती. रोज सुरू होत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. शुक्रवारी संध्याकाळी ३४ पैकी सुमारे १६ अँपिअर-तास उरले असतील असे धरले आणि कट-ऑफच्या वेळी तीनच उरत असतील, तर मधल्या १३ अँपिअर-तासांवर ०.३६ अँपिअरचा भार ३६ तास चालतो. शेवटच्या चित्रफितीची वेळ हेच सांगत होती. उरलेल्या तीनमधून गाडीच्या घड्याळाने, अलार्मने आणि लॉकच्या यंत्रणेने सोमवारपर्यंत आणखी थोडे घेतले.

कट-ऑफ कुठे तुटत होता

आता १२.० चा कट-ऑफ असताना बॅटरी तीन अँपिअर-तासांपर्यंत कशी उतरली, हा प्रश्न उरतो. किट काढून बदलत्या व्होल्टेजच्या पॉवर सप्लायला जोडले, त्याच्या दुसऱ्या टोकाला डॅशकॅम लावला आणि व्होल्टेज सावकाश, एका वेळी ०.०५ व्होल्ट इतके उतरवत नेले. क्षणिक घटीने वीज तुटू नये म्हणून किट काही वेळ वाट पाहते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर मिनिटभर थांबावे लागते. १२.० लिहिलेल्या जागी ठेवलेले हे किट प्रत्यक्षात ११.७ ला तुटत होते. स्वस्त किटमध्ये एवढी चूक आश्चर्याची नाही, पण बॅटरीच्या हिशेबात ०.३ व्होल्ट म्हणजे तिच्या क्षमतेचा मोठा तुकडा असतो.

गाडीत मात्र प्रत्यक्ष तोड बॅटरीच्या टोकांवर ११.८ ला होत होती. या ०.१ व्होल्टच्या फरकाचे कारण किटच्या काळ्या तारेपाशी सापडले. ती डॅशबोर्डखालच्या रंग दिलेल्या पट्टीवरच्या स्क्रूला जोडलेली होती आणि रंगामुळे तिथे रोध तयार झाला होता. किट स्वतःच्या टोकाशी पोचलेले व्होल्टेज मोजते, बॅटरीचे नाही. तारेत किंवा अर्थिंगमध्ये घट असेल तर किटला बॅटरी आहे त्याहून खाली दिसते आणि ते लवकर तोडते. म्हणजे वाईट जोडणीने इथे उलट थोडे संरक्षणच दिले होते, आणि कोणी केवळ अर्थिंग सुधारले असते तर परिस्थिती आणखी बिघडली असती. ज्यांचा कॅमेरा भरलेल्या बॅटरीवरही तासाभरात बंद पडतो, त्यांनी मात्र सर्वप्रथम ही काळी तार तपासावी. बॅटरीच्या ऋण टोकापासून त्या स्क्रूपर्यंत मल्टिमीटर लावला आणि कॅमेरा चालू असताना शतांश व्होल्टपेक्षा फारसे जास्त दिसले नाही, तर जोडणी ठीक आहे.

किट खरोखर १२.० ला तुटले असते तर कॅमेरा शनिवारी दुपारीच थांबला असता आणि सोमवारी सातेक अँपिअर-तास उरले असते. त्यावर चांगली बॅटरी उबदार हवेत गाडी सुरू करते. थकलेली करेलच असे नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास बॅटरीची क्षमता अंदाजे पाचव्या भागाने घटते आणि त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट होऊन सेल्फला अधिक जोर लावावा लागतो. म्हणून १२.० हा आकडा, अगदी अचूक किटवरही, माझ्या मते नव्या बॅटरीसाठी आणि उबदार हवेसाठीच ठीक आहे. जुन्या बॅटरीला १२.२ च्या खाली आणि थंडीच्या दिवसांत कोणत्याही बॅटरीला १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये.

जोडणी पुन्हा करताना

नवे किट बसवण्याआधी तेही पॉवर सप्लायवर तपासले. अशा किटला तीन तारा असतात: एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, एक चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी अर्थिंगला. कोणती तार कशाची, हे रंगावरून ठरवू नये, तारेवरची पट्टी वाचावी, कारण रंगांचा नियम सगळे पाळत नाहीत. पहिल्या दोन्ही तारा कायम वीज असलेल्या फ्यूजवर गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी नेहमी चालूच वाटते आणि तो पार्किंग मोडमध्ये जातच नाही. दोन्ही चावीच्या फ्यूजवर गेल्या तर गाडी बंद करताच तो विझतो. काही गाड्यांत कायमचे वाटणारे फ्यूज लॉक केल्यावर अर्ध्या तासाने झोपतात, म्हणून वीज आहे का, हे गाडी लॉक करून, थांबून, पुन्हा मोजावे लागते.

मूळ फ्यूजच्या जागी बसवून कॅमेऱ्यासाठी वेगळी, स्वतःच्या फ्यूजची तार काढून देणाऱ्या फ्यूज टॅपची दिशाही बघावी लागते. मूळ फ्यूज काढल्यावर दोन खाचांपैकी एकीवरच वीज असते. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामायिक असतो तो या वीज असलेल्या खाचेत गेला पाहिजे, म्हणजे मूळ यंत्रणा आणि कॅमेरा आपापल्या फ्यूजमधून स्वतंत्रपणे वीज घेतात. उलटे बसवले तरी कॅमेरा चालतो, पण त्याचा प्रवाह मूळ फ्यूजमधूनही जातो. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन नियंत्रणाच्या फ्यूजना हात लावू नये. ज्या गाड्यांत ऋण टोकावर बॅटरी सेन्सर असतो तिथे काळी तार थेट टोकाला न जोडता बॉडीच्या उघड्या धातूला जोडावी, नाहीतर कॅमेऱ्याने घेतलेला चार्ज सेन्सरच्या नोंदीत येत नाही आणि गाडी बॅटरीचा चुकीचा अंदाज बांधते.

पहिला उपाय आणि त्याची मर्यादा

जुनीच बॅटरी पूर्ण भरून, तपासलेला १२.४ चा कट-ऑफ लावून गाडी पुन्हा वापरात दिली. गाडी अडणे तत्काळ थांबले. पण काही दिवसांतच कॅमेरा रात्री एकच्या सुमारास बंद पडू लागला. यात बिघाड काही नव्हता. कट-ऑफने बॅटरीला खालून आधार दिला की त्याच्यावर जेवढे जमा होते तेवढेच कॅमेऱ्याला मिळते. संध्याकाळच्या वीस मिनिटांत २.३ अँपिअर-तास जमा होतात आणि ते ०.३६ अँपिअरवर सहा-साडेसहा तासच पुरतात. कट-ऑफ वर नेला की बॅटरी वाचते, पण पहाटेचा पहारा जातो. आणि या मालकाला नेमकी तीच वेळ हवी होती.

पर्यायांचा विचार

कमी विजेवर वाट पाहणारा पार्किंग मोड हा पहिला पर्याय होता. यात मुख्य प्रोसेसर झोपतो आणि फक्त धक्का ओळखणारा सेन्सर किंवा रडार जागे राहते, त्यामुळे खर्च काही मिलिअँपिअर ते काही दहा मिलिअँपिअरपर्यंत उतरतो. बॅटरीच्या दृष्टीने हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पण फक्त धक्क्यावर जागा होणारा कॅमेरा चित्रीकरण सुरू करायला क्षणभर घेतो आणि धक्क्याच्या आधीचे दृश्य त्याच्याकडे नसते. बंपर खरवडणारी गाडी कोणत्या बाजूने आली, हे अशा चित्रफितीत बहुधा दिसत नाही. रडार असलेले कॅमेरे माणूस किंवा वाहन जवळ येतानाच जागे होतात, म्हणून ते अधिक उपयोगी पडतात. या मालकाच्या कॅमेऱ्यात दोन्ही सोयी नव्हत्या.

साधी पॉवर बँक वापरण्याची कल्पना त्यांनी मांडली होती आणि ती स्पष्टपणे नाकारणे भाग होते. बंद गाडी उन्हात तापते. त्या तापमानात साधी लिथियम-आयन पॉवर बँक ठेवणे धोक्याचे आहे, मग ती डॅशबोर्डवर असो वा ग्लोव्ह बॉक्समध्ये. गाडीचे दोष तपासण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटमधून वीज घेणाऱ्या तारेने जोडणी सोपी होते, पण ती वीज त्याच बॅटरीतून येते, तेव्हा हिशेब बदलत नाही. मोठी बॅटरी बसवल्याने उतरण्याचा काळ लांबतो, रोजची तूट तशीच राहते. जागेवर वीज असती तर रात्री लहान चार्जर लावणे सर्वांत उत्तम ठरले असते, पण उघड्या जागेत ती सोय नव्हती.

निवडला तो लिथियम आयर्न फॉस्फेटचा स्वतंत्र डॅशकॅम पॅक, ७.५ अँपिअर-तासांचा, म्हणजे सुमारे ९६ वॉट-तासांचा. तो फक्त गाडी चालू असताना भरतो आणि गाडी बंद झाली की कॅमेरा त्याच्यावर चालतो. गाडीच्या बॅटरीशी कॅमेऱ्याचा संबंधच उरत नाही. या प्रकारचे सेल उष्णता अधिक सोसतात आणि रोजच्या खोल उतारासाठीच बनलेले असतात. मुख्य म्हणजे ते शिसे-आम्ल बॅटरीसारखे भरताना अडून बसत नाहीत: हा पॅक जवळजवळ भरेपर्यंत ९ अँपिअर घेतो, म्हणून त्याच चाळीस मिनिटांत त्यात सहा अँपिअर-तास जातात.

नऊ अँपिअरची वीज मात्र कोणत्याही लहान फ्यूजवरून घेता येत नाही. ती पॉवर सॉकेटच्या २० अँपिअरच्या, चावीवर चालणाऱ्या मार्गावरून, स्वतःच्या फ्यूजसह आणि पुरेशा जाड तारेने घेतली. त्या सॉकेटमध्ये टायरचा पंप लावताना गाडी उभी असावी आणि पॅक बंद असावा, असे मालकाला सांगितले. पॅक चालकाच्या आसनाखाली ठेवला, कारण तिथे थेट ऊन पोचत नाही. शून्य अंशाखाली हे सेल भरता येत नाहीत. चांगल्या पॅकमधले नियंत्रण त्या वेळी चार्जिंग थांबवते, म्हणून गोठवणाऱ्या थंडीत सकाळचा छोटा प्रवास वाया जाऊ शकतो.

आता या गाडीत काय चालते

कार्यालयाच्या आवारात पहारा असतो, त्यामुळे दिवसा मालक पॅकच्या बटणाने कॅमेरा बंद ठेवतात. दोन्ही प्रवासांचे मिळून सहा अँपिअर-तास रात्रीसाठी उरतात आणि कॅमेऱ्याचा चौदा तासांचा खर्च साडेचारच्या आसपास आहे, तेव्हा सकाळी निघेपर्यंत चित्रीकरण चालू असते. गाडीच्या बॅटरीवर फक्त गाडीचा रोजचा ०.७ अँपिअर-तासांचा भार उरला आहे आणि तो चाळीस मिनिटांत सहज भरून निघतो. सोमवारी सकाळी, गाडी उघडण्याआधी घेतलेल्या मोजणीत बॅटरी १२.५ व्होल्टवर असते, म्हणजे तिच्या वयाला आणि ३४ अँपिअर-तासांच्या उरलेल्या क्षमतेला शोभेल अशी. गेलेली क्षमता परत येणार नाही. पण बॅटरी बदलण्याची घाईही राहिलेली नाही. पुढच्या थंडीआधी तिची उतरवून चाचणी पुन्हा घ्यायची आणि ती ३० च्या खाली आली असेल तर बदलायची, असे ठरले आहे.

शनिवार-रविवारचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. भरलेला पॅक सुमारे २४ तास पुरतो, त्यामुळे गाडी शुक्रवारी संध्याकाळी उभी केली की शनिवारी संध्याकाळी कॅमेरा बंद होतो. गाडीच्या बॅटरीतून तो वेळ वाढवण्याची जोडणी शक्य होती, पण मालकाने ती नको असे सांगितले आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. शनिवारी काही कामाने तासभर गाडी फिरली तर पॅक पुन्हा भरतो आणि रविवार संध्याकाळपर्यंतचे चित्रीकरण मिळते. न फिरली तर ते मिळत नाही.